चकलीच्या खोक्यातली चिठ्ठी

ऑनलाइन मागवलेल्या फराळाचा खोका उघडला की आधी हाताला लागतं ते वर ठेवलेलं आभाराचं कार्ड. चकलीचा पाऊच त्याच्याखाली, अजून बंद. म्हणजे ही चिठ्ठी वाचली जाते ती चव घेण्याच्या आधी. गोष्ट साधी आहे, पण बहुतेक कार्डं ती विसरून लिहिलेली असतात. ‘पदार्थ आवडले? पाच तारे द्या आणि १५ टक्के सूट मिळवा’ असं त्यांवर ठसठशीत छापलेलं असतं. ज्याने अजून एक तुकडाही तोंडात टाकलेला नाही, त्याला आवडल्याचं विचारलेलं असतं. असं कार्ड खोक्याबरोबरच रद्दीत जातं. ते राहिलंच, तर विक्रेत्याला अडचणीत आणू शकतं. ते कसं, हे पुढे येईलच.

खाण्याचे पदार्थ घरपोच विकणाऱ्याचे गिऱ्हाइकाशी तीन वेळा संबंध येतात. पहिला खोका उघडताना, दुसरा दोन-चार दिवस खाऊन झाल्यावर, आणि तिसरा डब्याचा तळ दिसायला लागल्यावर. पहिल्या वेळी माणसाला माल नीट आला का याची काळजी असते. दुसऱ्या वेळी त्याचं मत तयार झालेलं असतं. तिसऱ्या वेळी त्याला पुन्हा मागवावंसं वाटू शकतं. एकाच कार्डावर या तिन्ही वेळांचं मागणं कोंबलं की एकही धड पोचत नाही. म्हणून कार्डाची रचना करताना रंग आणि फॉण्ट नंतर, आधी हे वेळापत्रक.

समजा, साताऱ्यात चार-पाच बायका मिळून भाजणीची चकली आणि पातळ पोह्यांचा चिवडा करतात. स्वतःच्या वेबसाइटवर विकतात, आणि अॅमेझॉनवरही. माल पुण्या-मुंबईला जातो, बंगळुरूला जातो, दिवाळीत परदेशातही जातो. त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहायची आहे.

पहिल्या वेळेचं काम सांभाळायचं, तर चकलीचं काय बिघडतं ते माहीत हवं. ती तीन तऱ्हांनी बिघडते. मोडते, सादळते किंवा खवट होते. मोडते ती वाटेत, कुरिअरच्या हाताळणीत. सादळते ती बहुधा गिऱ्हाइकाच्या घरी, पाऊच उघडा राहिला आणि हवा दमट असली की. खवटपणा मात्र तेलाचा: तेल जुनं असलं, पाऊचमध्ये हवा राहिली, माल उजेडात-उन्हात पडून राहिला तर तो येतो. यातला फरक घरी कळतो. सादळलेल्या चकलीचा वास चांगला असतो, फक्त ती कुरकुरत नाही, आणि गरम केली की पुन्हा कुरकुरीत होते. खवट चकलीला जुन्या तेलाचा वास येतो आणि कितीही परतली तरी तो जात नाही. तिच्यावर एकच उपाय, माल परत घेणं.

आता रिव्ह्यू वाचले की दिसतं, लोक या दोन्ही गोष्टींना ‘शिळी चकली’ असंच म्हणतात. जुलै महिन्यात पाऊच दोन दिवस उघडा ठेवून लिहिलेला ‘मऊ होती, शिळी वाटली’ हा एका ताऱ्याचा शेरा विक्रेत्याला महागात पडतो, आणि तो दोन ओळींनी टाळता आला असता. म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूला मी आभारापेक्षा जास्त जागा या माहितीला देईन. मजकूर असा: ‘नमस्कार. ही चकली ____ तारखेला तळली. पाऊच उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात काढा. पावसाळी हवेत सादळली, तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डबा बंद करा. चारपेक्षा जास्त चकल्या मोडलेल्या निघाल्या किंवा वास वेगळा वाटला, तर फोटो पाठवा. त्याच दिवशी उत्तर देऊ.’ खाली तळणाऱ्या बाईंचं नाव, हातानं.

यातलं ‘पूर्ण गार होऊ द्या’ वगळू नये. गरम चकली डब्यात भरली तर तिची वाफ झाकणाखाली धरते आणि ती पहिल्यापेक्षा जास्त मऊ पडते. ‘चारपेक्षा जास्त’ हा आकडाही मुद्दाम घातलेला आहे. चकली एखादी-दुसरी मोडणारच, हे त्यातून आधीच सांगितलं जातं, आणि खरी मोडतोड झालेल्याला तक्रार करायला संकोच वाटत नाही. शिवाय आलेल्या फोटोंवरून खोक्याच्या कोणत्या बाजूची चकली मोडते हे कळतं, आणि पुढच्या वेळी कागदाचा भराव तिथे घालता येतो.

तळणीची तारीख रबरी शिक्क्यानं उठवायची. ‘ताजी’, ‘अस्सल’, ‘नैसर्गिक’ अशा शब्दांपेक्षा ती जास्त बोलते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या जाहिरात व दावे नियमांत अशा शब्दांच्या वापराला अटी आहेत. त्यामुळे पाकिटावर जे लिहिता येत नाही ते कार्डावर बिनधास्त लिहावं, असं करता येत नाही. ‘कोलेस्टेरॉल नाही’, ‘मधुमेहींना चालेल’ असल्या ओळी तर कार्डावर नकोतच. शिक्क्याची तारीख आणि पाऊचच्या लेबलवरची तारीख जुळते का, हे भरणाऱ्या बाईनं रोज पाहायचं. कार्डावर बारा आणि लेबलवर दहा दिसलं, की वाचणाऱ्याचा दोन्हींवरचा विश्वास उडतो.

कार्ड पाऊचच्या आत घालू नये. २०१८च्याच पॅकेजिंग नियमांनुसार छापील पृष्ठभाग अन्नाला थेट लागता कामा नये. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायलाही त्याच नियमांनी मनाई आहे. चिठ्ठीची जागा बाहेरच्या खोक्यात, पाऊचच्या वर.

पुन्हा मागणीचं काम या कार्डाकडून होत नाही. डबा रिकामा होईपर्यंत कार्ड घरात कुठे असेल कोण जाणे. डबा मात्र स्वयंपाकघरातच असतो. म्हणून माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे डब्याला लावायचा एक लहान स्टिकर, साधारण पाच बाय सात सेंटिमीटरचा. त्यावर ‘भाजणीची चकली’ हे नाव, ‘उघडली: ____’ अशी तारखेसाठी मोकळी जागा, आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. गिऱ्हाईक तो आपल्या सोयीसाठी लावतं, कारण एकसारख्या चार डब्यांत चकली कोणती हे ओळखू येतं. तळ दिसला की कोड समोरच असतो. स्टिकर कागदी नको, तेलकट बोटांनी तो चार दिवसांत डागाळतो. प्लॅस्टिकचा घ्यावा आणि सहज निघणारा गोंद मागावा. स्टीलच्या डब्यावर चिकट डाग राहिला, तर घरातली बाई दुसऱ्यांदा तो स्टिकर लावणार नाही.

त्या कोडमध्ये काय भरायचं, इथे एक बारीक खोच आहे. छोट्या विक्रेत्यांना व्हॉट्सअॅपवर मागणी घेणं सोपं जातं, आणि त्यासाठी अशी लिंक चालते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=CHAKLI-B
```

कोड स्कॅन केला की विक्रेत्याच्या नंबराची चॅट उघडते आणि ‘CHAKLI-B’ हा निरोप आधीच लिहिलेला असतो. गिऱ्हाइकानं फक्त पाठवायचं. साहजिकच वाटतं, की इथे छान मराठी वाक्य घालावं: ‘चकली पुन्हा हवी आहे’. पण लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, नऊ इंग्रजी खुणांत बदलतं. च हा `%E0%A4%9A` होतो. वीस चिन्हांचं वाक्य घातलं की लिंक दोनशेच्या पुढे जाते आणि क्यूआर कोड दाट होतो. वरच्या आखूड लिंकचा कोड २९ × २९ चौकटींचा होतो, तर मराठी वाक्याचा ५७ × ५७. अडीच सेंटिमीटरच्या जागेत पहिल्याची चौकट जवळपास ०.९ मिलिमीटरची असते, दुसऱ्याची अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. स्वयंपाकघरातल्या उजेडात, तेलाचं बोट लागलेल्या स्टिकरवर आणि जुन्या फोनच्या कॅमेऱ्यानं दुसरा कोड वाचला जाण्याची शक्यता बरीच कमी. म्हणून कोडच्या आत आखूड इंग्रजी खूण आणि कोडच्या बाजूला माणसांसाठी मराठी ओळ: ‘डबा संपत आला? इथून मागवा.’ शेवटचं ‘B’ कोणत्या कार्डाबरोबरचा स्टिकर होता ते सांगतं, त्याचा उपयोग पुढे आहे.

कोडभोवती चार चौकटींएवढी पांढरी जागा मोकळी सोडावी लागते. डिझायनर तिथे नेमकी वेलबुट्टी काढतात. कोडचा रंग गडद, पार्श्वभूमी फिकी. उलटं केलं तर काही फोन तो वाचत नाहीत. छापायला देण्याआधी खऱ्या मापाची प्रत काढून घरातल्या सगळ्यात जुन्या फोननं स्कॅन करून पाहावी. आणि असा निरोप आला म्हणून त्या माणसाचा नंबर जाहिरातींच्या यादीत टाकू नये. त्यानं चकली मागितली आहे, जाहिराती नव्हे. नंबर दुसऱ्या कामासाठी वापरायचा तर वेगळी संमती घ्यावी लागते, हे २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचंही सूत्र आहे.

आता रिव्ह्यू. इथे विक्रेता सगळ्यात जास्त चुकतो, कारण सूट देऊन चांगलं मत मागणं त्याला व्यवहाराचं वाटतं. अॅमेझॉनने रिव्ह्यूच्या बदल्यात काहीही देण्यावर बंदी घातलेली आहे. सूट, पैसे, मोफत पाकीट, काहीच नाही. गूगलवरच्या रिव्ह्यूंनाही हाच नियम आहे. फक्त चांगलाच रिव्ह्यू मागता येत नाही. आणि ‘आवडलं असेल तर रिव्ह्यू लिहा, आवडलं नसेल तर आम्हाला फोन करा’ हे सभ्य वाटणारं वाक्यसुद्धा नियमात बसत नाही, कारण ते नाराज गिऱ्हाइकाला गुपचूप बाजूला काढतं. विक्रेत्यानं स्वतःच ग्राहक बनून रिव्ह्यू टाकणं तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनीच मना आहे. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानकही काढलं आहे.

नियम पाळून मागायचं कसं? मदतीचा नंबर सगळ्यांना द्यायचा, रिव्ह्यूची विनंतीही सगळ्यांना करायची, आणि दोहोंना ‘आवडलं तर’ ही अट जोडायची नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला एवढंच: ‘चार दिवस खाऊन पाहा. मग तिखट कमी-जास्त वाटलं का, कुरकुरीतपणा टिकला का, हे ज्या ठिकाणी मागवली तिथे लिहा. पुढचं गिऱ्हाईक ते वाचून ठरवतं.’ ‘चार दिवस’ म्हटल्यानं रिव्ह्यू दुसऱ्या वेळेवर ढकलला जातो, जेव्हा मत खरंच तयार असतं. ‘तिखट’ आणि ‘कुरकुरीतपणा’ हे शब्द दिल्यानं लिहिणाऱ्याला सुरुवात मिळते. ‘रिव्ह्यू द्या’ म्हटलं की लोक ‘छान’ लिहून मोकळे होतात, आणि ‘छान’ वाचून बंगळुरूचा माणूस ठरवू शकत नाही की ही चकली त्याच्या मुलांना तिखट लागेल का.

अॅमेझॉनवरच्या मागण्यांसाठी कार्ड वेगळं छापावं लागतं. तिथल्या गिऱ्हाइकाला आपल्या वेबसाइटकडे वळवणं तिथल्या नियमांत बसत नाही, म्हणून त्या खोक्यात डब्याचा कोडवाला स्टिकर आणि कूपन दोन्ही नकोत. साठवणुकीची माहिती, तारीख आणि रिव्ह्यूची तटस्थ विनंती एवढंच. स्टिकर द्यायचा तर बिनकोडाचा. तिथे विक्रेत्याच्या पडद्यावर ‘Request a Review’ असं बटण असतं. माल पोचल्यावर पाचव्या ते तिसाव्या दिवसाच्या दरम्यान ते दाबलं, तर अॅमेझॉन स्वतःच गिऱ्हाइकाला विनंती पाठवतं. साताऱ्याच्या बायकांनी ते सातव्या-आठव्या दिवशी दाबावं. डबा अर्धा झालेला असतो, चव आठवत असते.

दिवाळीचं कार्ड आणखी वेगळं. मागवणारी आई पुण्यात आणि खाणारा मुलगा जर्मनीत, असं तेव्हा होतं. खोक्यात बिल नको, किंमत नको, ‘आपल्या खरेदीबद्दल आभार’ तर मुळीच नको, कारण उघडणाऱ्यानं खरेदी केलेलीच नाही. तिथे आईचा निरोप लिहायला मोकळी जागा हवी, आणि साठवणुकीची माहिती इंग्रजीतही हवी, कारण खोका कदाचित रूममेट उघडेल. थंड देशात चकली सादळण्याची भीती कमी, पण घराच्या हीटरजवळ डबा ठेवला तर तेल लवकर खवट होतं. ती एक ओळ त्या कार्डावर जास्तीची.

छपाईबद्दल फार सांगत नाही. पोस्टकार्डाएवढं, म्हणजे ए-६ मापाचं, ३०० जीएसएमचं कार्ड पुरतं. त्याचं वजन पाच ग्रॅमच्या आत येतं. शिक्का आणि पेनची सही ज्या बाजूला आहे तिथे लॅमिनेशन नको, शाई पसरते. एका गोष्टीवर मात्र नजर ठेवावी. मराठी मजकूर छापखान्यात गेल्यावर जुन्या आणि युनिकोड फॉण्टच्या अदलाबदलीत तुटतो. ऱ्हस्व इकार अक्षराच्या पुढे सरकतो, जोडाक्षराचा पाय मोडून हलन्त दिसतो. ‘चिवडा’ आणि ‘पुन्हा’ हे दोन शब्द प्रूफमध्ये आधी पाहावेत, बिघाड असेल तर तिथे लगेच दिसतो. अक्षरांच्या बाह्यरेषा करून पीडीएफ दिली की हा प्रश्न येत नाही.

राहिला पैसा. समजा, ६०० रुपयांच्या एका मागणीतून सगळा खर्च जाऊन १२० रुपये उरतात. कार्डावर १५ टक्क्यांचं कूपन दिलं तर ९० रुपये त्यातच जातात, हाती ३० उरतात. त्याऐवजी दुसऱ्या मागणीबरोबर चिवड्याचं ५० ग्रॅमचं पाकीट दिलं, तर ते २० रुपयांत होतं आणि हाती १०० उरतात. शिवाय चकली घेणाऱ्याला चिवड्याची चव कळते. (मोफत असलं तरी ते अन्नच आहे, त्यामुळे त्यावरही घटक, तारीख आणि परवाना क्रमांकाचं लेबल लागतं.) एवढं पाहावं, की कुरिअरचा दर बहुधा अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी वाढतो. खोका आधीच ९८० ग्रॅमचा असेल, तर त्या ५० ग्रॅमनं तो पुढच्या टप्प्यात जातो, आणि २० रुपयांचं पाकीट एकदम महाग होतं.

कार्डानं खरंच फरक पडला का, हे कूपन किती वापरली गेली यावरून कळत नाही. जे एरवीही आले असते, तेच ती वापरतात. त्यासाठी काही खोके कार्डाशिवाय पाठवावे लागतात. मागणीचा क्रमांक सम असेल तर नुसता माल, विषम असेल तर कार्ड, स्टिकर आणि मोफत पाकिटाचं आश्वासन, असं ठेवलं की निवड आपल्या हातात राहत नाही. समजा, दोन्ही गटांत दोनशे-दोनशे मागण्या झाल्या. साठ दिवसांत कार्डाशिवायच्या गटातून ४० जण परत आले, कार्डवाल्या गटातून ५२. ऐकायला छान. आता हिशेब करू. कार्डाशिवायचे ४० गुणिले १२०, म्हणजे ४,८०० रुपये. कार्डवाल्यांचे ५२ गुणिले १००, म्हणजे ५,२००. त्यातून दोनशे खोक्यांतल्या कार्ड-स्टिकरचे प्रत्येकी पाच रुपये, म्हणजे एक हजार वजा केले की ४,२०० उरतात. मागण्या बारा वाढल्या आणि हातात सहाशे रुपये कमी आले. शिवाय दोनशेच्या गटात बाराचा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो, त्यामुळे दिवाळीआधीचे दोन-तीन महिने हीच पद्धत चालू ठेवून आकडे मोठे होऊ द्यावेत.

पैसे गेले कुठे? परत आलेल्या सगळ्या ५२ जणांना पाकीट दिलं गेलं, आणि त्यातले बरेचसे आधीपासूनचे नेहमीचे गिऱ्हाईक होते. ते पाकिटाशिवायही आले असते. म्हणून कार्डांचे दोन गठ्ठे करावेत. पहिल्यांदा मागवणाऱ्याच्या खोक्यात पाकिटाचं आश्वासन असलेलं कार्ड जाईल आणि त्याच्या स्टिकरच्या कोडात ‘A’ असेल. नेहमीच्याला ‘B’चा स्टिकर आणि आश्वासन नसलेलं कार्ड, ज्यावर तारखेच्या शिक्क्याखाली दोन बोटं कोरी जागा सोडलेली असेल. तिथे भरणारी बाई पेनानं लिहील: ‘मागच्या वेळी तिखट कमी हवं म्हणाला होतात, या घाण्यात कमी घातलंय.’ हे लिहिता यावं म्हणून भरण्याच्या टेबलावर एक वही लागते, त्यात नावापुढे मागचा शेरा. मागण्या दिवसाला वीस-पंचवीस असतील तोवर हे जमतं. त्यापुढे प्रत्येक खोक्यावर लिहिणं शक्य नसतं, तेव्हा ज्यांनी मागच्या वेळी तक्रार केली होती त्यांच्याच खोक्यांसाठी ते राखून ठेवावं.